मुलाखतीनंतर आभाराचा मेल लिहायचाय, त्यात एक नवीन गोष्ट सांगायची आहे आणि रेझ्युमे जोडायचाय. कसं लिहू?

तेरणाकाठ (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी खरेदी-विक्रीचं काम बघते. बुधवारी पुण्यातल्या एका संस्थेत मुलाखत झाली, पद मूल्यसाखळी समन्वयकाचं. समोर तिघं होते: कार्यक्रम संचालक, मनुष्यबळ विभागाच्या मॅडम आणि बाहेरून बोलावलेले एक सर. सरांना सोयाबीनच्या बाजाराची चांगली माहिती असावी असं वाटलं.

सरांनी विचारलं, "गोळा केलेला माल तुम्ही शेवटी आडतीवरच नेता, की थेट तेलाच्या प्लँटला देता?" तेव्हा खरं ते सांगितलं, की नमुना पास झालाय पण गाडी अजून गेलेली नाही. विषय तिथेच संपला.

काल गुरुवारी गाडी गेली, रात्री खाली झाली, आज पट्टी आली. 38 सभासदांचं 164 क्विंटल सोयाबीन, लॅबमध्ये मॉइश्चर 9.6, कपात शून्य. आमच्या कंपनीची ही पहिली थेट गाडी.

आभाराचा मेल अजून गेलेला नाही. त्यात हे लिहू का? रेझ्युमेतही ओळ बदलून तो परत जोडू का? मुलाखतीचं पत्र मराठीत होतं म्हणून मेलही मराठीतच लिहिलाय. मसुदा असा:

> आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत मुलाखतीची संधी दिल्याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे. आपले कार्य मला नेहमीच प्रेरणादायी वाटते. कळविण्यास आनंद होतो की, नुकतेच आमच्या कंपनीने थेट विक्रीत मोठे यश मिळविले आहे. अद्ययावत रेझ्युमे सोबत जोडला आहे, कृपया अवलोकन व्हावे.

न्यूजर्सीकर (शुक्रवार, रात्री १०:०५)

इथे असा मेल मुलाखतीच्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी जातो. तुमचे दोन दिवस गेलेत, आता आणखी वाट पाहू नका. आणि रेझ्युमे परत जोडू नका. त्यांच्याकडे एक आहे, दुसरा गेला की कुठला खरा हा गोंधळ होतो. बातमी मेलमध्येच सांगा, पुरे.

भाऊ_इचलकरंजी (शुक्रवार, रात्री १०:२०)

ताई, अभिनंदन. माझं मत वेगळं आहे. एवढी संधी मिळालीच आहे तर मुलाखतीत जे जे सांगायचं राहिलं ते सगळं लिहा. गोदामाचं काम, महिला गट, बियाणं उगवणीच्या चाचण्या, सगळं. आणि त्या सरांचा मेल शोधून थेट त्यांनाच पाठवा, प्रश्न त्यांचा होता. संस्थेच्या संकेतस्थळावर बाकीच्यांचे पत्ते दिसतात, त्या पद्धतीने त्यांचाही बनवता येईल.

सुमेधा (शुक्रवार, रात्री ११:०२)

मी सामाजिक संस्थांच्या निवड समित्यांवर बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेरणाकाठ, तुमच्याकडे जे आहे ते फार कमी उमेदवारांकडे असतं. मुलाखतीतला एक प्रश्न अर्धवट राहिला होता आणि आता त्याचं उत्तर हातात आलंय. म्हणून मेलमधला नवीन भाग "आमचं यश" म्हणून सुरू करू नका, त्या प्रश्नापासून सुरू करा. समिती एका दिवसात सहा-सात जणांशी बोलते. "थेट विक्रीत मोठे यश" वाचून तुमचा चेहरा आठवत नाही. "नमुना पास झालाय पण गाडी गेलेली नाही" हे वाक्य आठवतं, कारण तिथे कुणीतरी कागदावर खूण केलेली असते.

भाऊ, सगळं लिहा म्हणता ते पटत नाही. पाच गोष्टी लिहिल्या की तो दुसरा अर्ज होतो, आणि जी गोष्ट खरोखर मुलाखतीनंतर घडली ती बाकीच्या चारांत बुडते. गोदाम आणि महिला गट मुलाखतीआधीचेच आहेत. ते रेझ्युमेत असले तर समितीने पाहिलेत. पत्ता अंदाजाने बनवून बाहेरच्या माणसाला लिहिणं तर नकोच. तो संस्थेचा पाहुणा आहे, त्याच्याशी परस्पर संपर्क केलेला काही संस्थांना अजिबात चालत नाही. ज्या मेलवरून मुलाखतीचं पत्र आलं त्यालाच उत्तर द्या, विषयाची ओळ बदलू नका. मॅडमना तुमचा आधीचा अर्ज त्याच साखळीत खाली दिसतो. सरांपर्यंत पोचवायची विनंती त्यांनाच करायची.

रेझ्युमे मात्र जोडाच. आपल्याकडे निर्णयाच्या बैठकीत मेल कुणी उघडत नाही, प्रत्येकासमोर रेझ्युमेची छापील प्रत असते. बातमी फक्त मेलमध्ये राहिली तर ती मॅडमच्या इनबॉक्समधून बाहेर येईलच असं नाही. न्यूजर्सीकर म्हणतात तो गोंधळ खराच होतो, पण त्यावर उपाय आहे: नेमकं काय बदललं आणि काय नाही, हे मेलमध्येच एका वाक्यात सांगायचं.

एक विचारते. गाडीत तुमचं स्वतःचं काम नेमकं काय होतं? "आमच्या कंपनीने" म्हटलं की ते कळत नाही. आणि निकाल कधी कळवतो म्हणाले?

विजय_परभणी (शुक्रवार, रात्री ११:३०)

माझंही असंच झालंय. शासकीय योजनेतल्या कंत्राटी पदासाठी मुलाखत दिली आणि पुढच्याच आठवड्यात संगणक परीक्षेचं प्रमाणपत्र आलं. आभाराचा मेल करून ते जोडलं तर गुण धरतील का? कुणाला लिहायचं, जिल्हा कार्यालयाला का समितीच्या अध्यक्षांना?

सुमेधा (शुक्रवार, रात्री ११:४५)

विजय, तुमचं प्रकरण वेगळं आहे, तिथे असा मेल करू नका. शासकीय भरतीत पात्रता साधारणपणे जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंतचीच धरतात, त्यानंतरचं प्रमाणपत्र गुणांत येत नाही. शिवाय बहुतेक जाहिरातींत अट असते, की कोणत्याही प्रकारे दबाव आणण्याचा किंवा शिफारशीचा प्रयत्न केला तर उमेदवार अपात्र. आभाराचं पत्र म्हणजे दबाव नव्हे हे मान्य, पण समितीच्या अध्यक्षांना परस्पर लिहिलं तर ते त्यात बसवणारा कुणीतरी निघतो. जाहिरात परत वाचा. कागदपत्र तपासणीच्या वेळी मागितलं तर प्रमाणपत्र दाखवा.

तेरणाकाठ (शनिवार, सकाळी ७:१५)

सुमेधाताई, खूप आभार. मंगळवारी समिती बसणार आहे असं मॅडम म्हणाल्या होत्या.

माझं काम सांगते. मागच्या हंगामात सभासद जसा आणतील तसा माल ढिगात पडायचा. एखाद्याचं ओलं असलं की पूर्ण ढिगाचं मॉइश्चर चढायचं आणि सगळ्यांच्या पैशातून कट जायचा. यंदा मी संचालक मंडळाकडून मॉइश्चर मीटर मंजूर करून घेतला. केंद्रावर प्रत्येकाच्या पोत्यांतून बंबू मारून नमुना घ्यायचा, मोजायचं आणि 10 च्या वर आलं तर माल परत, दोन ऊन देऊन आणा. पहिले आठ दिवस लोक भांडले. चाळणीही केंद्रावरच लावली. प्लँटशी बोलणी अध्यक्षांनी केली, तो भाग माझा नाही.

मेलमध्ये हेही टाकावंसं वाटतं, की आडतीपेक्षा क्विंटलमागे 112 रुपये जास्त मिळाले. प्लँटचा दर त्या दिवशीच्या आडतीच्या दरापेक्षा 190 ने जास्त होता, भाडं आणि हमाली मिळून 78 गेले. आकडा असला की वजन येतं ना?

आडत्या (शनिवार, सकाळी ८:३०)

माझा धंदाच हा, म्हणून बोलतो. ताई, गाडी चांगली उतरवली यात शंका नाही. 9.6 ने 164 क्विंटल एकसारखं भरणं सोपं काम नाही.

पण 112 चा आकडा तुमच्या त्या सरांसमोर टिकेल का ते बघा. ज्याचं सोयाबीन 13 मॉइश्चरचं होतं त्याने ते वाळवून 9.6 ला आणलं. 100 किलोत 13 किलो पाणी आणि 87 किलो सुका माल. सुका माल तेवढाच राहतो, त्यामुळे वाळल्यावर वजन भरतं 96 किलोच्या जरा वर. म्हणजे क्विंटलमागे पावणेचार किलो गेलं. दर 4,000 धरला तर 150 रुपये झाले. तुमचे 112 कुठे राहिले?

आता हेही खरं, की 13 चं सोयाबीन आमच्याकडे आणलं असतं तर आम्हीही भाव पाडूनच घेतलं असतं. त्यामुळे शेतकरी तोट्यात गेला असं मी म्हणत नाही. पण फायदा किती हे सांगायला प्रत्येकाचं आधीचं मॉइश्चर आणि त्या मॉइश्चरला त्या दिवशी आडतीवर मिळाला असता तो भाव, दोन्ही लागतं. तुमच्याकडे नोंद आहे का?

तेरणाकाठ (शनिवार, सकाळी ८:५५)

आधीच्या मॉइश्चरची नोंद आहे, माल परत पाठवताना वहीत लिहिलं होतं. पहिल्यांदा मोजलं तेव्हाच 10 च्या आत असलेले 21 जण, 17 जणांना वाळवून आणायला लावलं. त्या दिवशी ओल्या मालाला आडतीवर काय भाव मिळाला असता, ते मात्र लिहून ठेवलेलं नाही.

सुमेधा (शनिवार, सकाळी ९:४०)

आडत्या, तुम्ही जो प्रश्न काढलात तोच ते सर काढतील. 21 जणांच्या बाबतीत 112 खरा आहे. 17 जणांच्या बाबतीत हिशेब अपुरा आहे. मेलमध्ये हा फरक समजावून सांगत बसलात तर मेल दोन पानांचा होईल, आणि न सांगता 112 लिहिलात तर पुढच्या फोनवर पहिलाच प्रश्न त्यावर येईल.

म्हणून माझा सल्ला: पट्टीवर जे छापलेलं आहे तेवढंच लिहा. वजन, मॉइश्चर, कपात नाही. या तिन्हींसाठी कुणी पुरावा मागितला तर एक कागद पुरतो. दुसरं, सभासदांच्या खात्यात पैसे जमा झालेत का?

तेरणाकाठ (शनिवार, सकाळी ९:५०)

नाही, प्लँटकडून सोमवारी-मंगळवारी येतील.

सुमेधा (शनिवार, सकाळी १०:२५)

मग "शेतकऱ्यांना मिळाले" असंही लिहिता येत नाही. प्लँटने माल स्वीकारला इतकंच झालंय, तेच लिहा.

तुम्ही सांगितलेल्यावरून मी असं लिहीन:

> आदरणीय मॅडम,
>
> बुधवारच्या मुलाखतीसाठी तुमचे आणि समितीचे आभार.
>
> कंपनी माल थेट प्लँटला देते का, या सरांच्या प्रश्नावर मी नमुना मंजूर झाला असून गाडी जायची आहे, असे सांगितले होते. ती गाडी गुरुवारी गेली. 38 सभासदांचे 164 क्विंटल सोयाबीन प्लँटने स्वीकारले. तेथील तपासणीत ओलावा 9.6 टक्के आला आणि पट्टीत कपात झाली नाही. आमच्या कंपनीची ही पहिली थेट विक्री आहे. प्लँटशी बोलणी अध्यक्षांनी केली. संकलन केंद्रावर प्रत्येक सभासदाच्या मालाचा ओलावा मोजून मगच तो घेण्याची पद्धत मी या हंगामात सुरू केली, आणि ही गाडी त्याच पद्धतीने भरली होती.
>
> सोबतच्या रेझ्युमेत पहिल्या पानावर, सध्याच्या नोकरीखालील दुसऱ्या ओळीत एवढीच भर घातली आहे. बाकी मजकूर अर्जासोबतचाच आहे. मंगळवारच्या बैठकीसाठी ही प्रत वापरावी आणि शक्य असल्यास सरांनाही दाखवावी, ही विनंती.
>
> आपली नम्र

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. प्लँटचं नाव घातलेलं नाही, ते मुद्दाम. दर आणि ग्राहक हा तुमच्या सध्याच्या कंपनीचा व्यवहार आहे. तो बाहेर सांगणारी व्यक्ती उद्या आमचाही सांगेल, असा विचार समितीत होतो. पट्टीचा फोटोही त्याच कारणाने जोडू नका. मेल स्वतःच्या खात्यावरून पाठवा, कंपनीच्या नव्हे.

रेझ्युमेतली ओळ मेलपेक्षा छोटी हवी, पण आकडे तेच हवेत: "ओलावा तपासून संकलनाची पद्धत सुरू केली, पहिली थेट विक्री, 164 क्विंटल, कपातीविना." महिना आणि वर्ष घाला. मेलमध्ये 164 आणि रेझ्युमेत "सुमारे 170" असं झालं की वाचणारा दोन्हीवर शंका घेतो.

तेरणाकाठ (शनिवार, सकाळी ११:००)

ताई, "बोलणी अध्यक्षांनी केली" हे लिहायलाच हवं का? त्याने माझं काम कमी दिसेल असं वाटतं.

आणि फाइल उघडलीच आहे तर अजून एक बदल करू का? माझं पद अर्जात "संकलन सहायक" असं आहे, पण दिवाळीपासून सगळे मला व्यवस्थापकच म्हणतात, कामही तेच आहे.

सुमेधा (शनिवार, सकाळी ११:२०)

पदाचं पत्र मिळालंय का? मिळालं असेल तर बदला आणि मेलमध्ये तसं सांगा. नसेल तर हात लावू नका. निवड झाल्यावर संस्था तुमच्या सध्याच्या कंपनीकडे चौकशी करते, तेव्हा अर्जावर एक पद आणि आठवड्याने आलेल्या रेझ्युमेवर दुसरं, हे सगळ्यात आधी डोळ्यात येतं. "बाकी मजकूर तोच आहे" हे वाक्य लिहिलंत की ते अक्षरशः खरं असायला हवं.

अध्यक्षांचं वाक्य मी तरी ठेवीन. सरांनी फोनवर "बोलणी कुणी केली" विचारलं तर तुम्ही तेच उत्तर देणार आहात. त्या एका वाक्याने तुमचं काम वेगळं आणि स्पष्ट दिसतं.

भाऊ_इचलकरंजी (शनिवार, सकाळी ११:५०)

इथे मी सहमत नाही. आभाराच्या मेलमध्ये आपल्या बाजूने न विचारता असं कशाला लिहायचं? विचारलं तर सांगावं. दुसरा उमेदवार "मी थेट विक्री घडवून आणली" असं सरळ लिहून मोकळा होईल. बाकी पत्ता बनवायचं म्हणालो होतो ते मागे घेतो, सुमेधाताईंचं त्याबाबत पटलं.

केतकी (शनिवार, दुपारी १२:३०)

मजकुराचं तुम्ही बघताय, मी फाइलबद्दल सांगते. माझं काम छपाई आणि पीडीएफचं आहे, लोकांच्या रेझ्युमेत हे सारखं दिसतं.

नावात "फायनल" वगैरे नको. `Resume_final_new2.pdf` या नावाची फाइल मॅडमच्या संगणकावर उतरली की कुणाची ते कळत नाही. स्वतःचं नाव, पद आणि महिना असू द्या. आधीच्या फाइलपेक्षा नाव वेगळं हवं, म्हणजे छापताना चुकून जुनी निघणार नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वर्डमधून पीडीएफ केली की फाइलच्या गुणधर्मांतलं शीर्षक तिच्यात तसंच जातं, आणि ब्राउझरमध्ये उघडली की टॅबवर फाइलच्या नावाऐवजी ते शीर्षक दिसू शकतं. मैत्रिणीच्या रेझ्युमेवरून आपला बनवला असेल तर वर तिचं नाव! पीडीएफ करण्याआधी वर्डमध्ये फाइल, मग इन्फो उघडून शीर्षक आणि लेखकाचं नाव बघा.

आणि ती नवीन ओळ घातल्याने पान सरकलं का ते तपासा. मेलमध्ये "पहिल्या पानावर दुसरी ओळ" लिहिलंय आणि छापल्यावर ती तिसरी झाली किंवा शेवटचा पत्ता एकटाच दुसऱ्या पानावर गेला, असं होतं. पाठवण्याआधी ती पीडीएफ फोनवर स्वतःला पाठवून उघडा, मराठी अक्षरं तुटत नाहीत ना बघा. फाँट फाइलमध्ये बसवलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात.

आधी फाइल जोडा, मग मजकूर चिकटवा, पत्ता सगळ्यात शेवटी. म्हणजे अर्धा मेल चुकून जाणार नाही. जीमेल असेल तर सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत 30 सेकंद करता येते, ती करून ठेवा.

न्यूजर्सीकर (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

छापील प्रतीचा मुद्दा मला माहीत नव्हता, तिथे जोडणंच बरोबर दिसतंय. वेळेचं काय? शनिवार-रविवारी गेलेला मेल सोमवारी सकाळी पन्नास मेलखाली असतो. मी तरी सोमवारी नऊला पाठवला असता.

सुमेधा (शनिवार, संध्याकाळी ७:००)

मंगळवारी बैठक असेल तर सोमवारीच फायली लागतात, कधी कधी सकाळीच. खाली गेलेला मेल निदान तिथे असतो, पण फाइल लागल्यानंतर आलेला बाहेरच राहतो. मी आजच पाठवायला सांगेन. सोमवारी दुपारी मॅडमना एक छोटा फोन केला तर गैर नाही: मेल मिळाला का, एवढंच विचारायचं, निकालाचं नाही.

तेरणाकाठ (शनिवार, रात्री ८:४५)

पाठवला. पदाचं पत्र नाही, म्हणून पद बदललं नाही. 112 काढला. अध्यक्षांचं वाक्य ठेवलं, पण भाऊ, तुमचं ऐकून ते माझ्या कामाच्या वाक्यानंतर नेलं. केतकी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं: शीर्षकात आमच्या जुन्या हिशेबनीसाचं नाव होतं. आणि ओळ घातल्यावर पान खरंच सरकलं, मग छंद वगैरे भाग काढावा लागला. तेव्हा "बाकी मजकूर तोच" ऐवजी "छंदांची ओळ वगळली आहे, बाकी मजकूर तोच" असं लिहिलं.

आडत्या (शनिवार, रात्री ९:१०)

बरं केलं. पुढची गाडी भराल तेव्हा मीटरच्या वहीत एक रकाना वाढवा, त्या दिवशीचा आडतीचा भाव 10, 12 आणि 14 मॉइश्चरला. माझ्याकडे फोन करून विचारलात तरी सांगेन.

विजय_परभणी (शनिवार, रात्री ९:३०)

सुमेधाताई, जाहिरात परत वाचली. त्यात तारखेचं काहीच नाही, फक्त "मुलाखतीच्या वेळी मूळ कागदपत्रे आणावीत" एवढंच आहे. मग?